पहिला हप्ता नेमका कधी?

प्रश्न: दोघांनी मिळून चालवलेल्या व्यवसायातून मी बाहेर पडतो आहे. माझ्या हिश्शासाठी भागीदाराने दोन पर्याय ठेवलेत. एकतर आज रोख चार लाख, नाहीतर ‘दरवर्षी एक लाख, पाच वर्षे’. हातात आलेले पैसे मी ८ टक्क्यांनी गुंतवू शकतो. त्या दराने स्प्रेडशीटमध्ये हप्त्यांची आजची किंमत काढली, ती ३,९९,२७१ आली. म्हणजे रोख घेतलेलं जरासं बरं. पण एका मैत्रिणीने तेच सूत्र शेवटी 1 घालून चालवलं, तर उत्तर आलं ४,३१,२१३. ती म्हणते, हप्ते वर्षाच्या सुरुवातीला मिळणार असतील तर हाच आकडा धरायचा. मला हे पटत नाही. हप्ते पाचच, रक्कम तीच. लवकर मिळतो तो फक्त पहिला हप्ता, आणि त्याचं एका वर्षाचं व्याज होतं आठ हजार. मग बत्तीस हजारांचा फरक आला कुठून? आणि मी काय घ्यावं?

उत्तर: तुमचा आकडा बरोबर आहे आणि मैत्रिणीचाही. अपुरं आहे ते भागीदाराचं वाक्य. त्यात रक्कम आहे, वर्षं आहेत, पण पहिला लाख कोणत्या दिवशी मिळणार हेच नाही. तुम्ही धरलंत की तो आजपासून वर्षभराने मिळेल, मैत्रिणीने धरलं की आजच मिळेल. स्प्रेडशीटने दोघांनाही आपापल्या गृहीतकाचं चोख उत्तर दिलं. काय घ्यावं याकडे येतेच, पण आधी बत्तीस हजारांचा उलगडा करू. तो झाला की निवड बरीचशी आपोआप होते.

कागदावर दोन ओळी लिहा. वर्षाअखेरीला मिळणारे हप्ते आजपासून १, २, ३, ४ आणि ५ वर्षांनी येतात. वर्षाच्या सुरुवातीला मिळणारे हप्ते आज, मग १, २, ३ आणि ४ वर्षांनी येतात. आता वरचा पहिला खालच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असं जोडून बघा. एकटा पहिलाच नव्हे, पाचही हप्ते एकेक वर्ष अलीकडे सरकलेत. पहिल्या हप्त्याला वर्षभर थांबायचं असतं तर आज त्याची किंमत ९२,५९३ होती. तो आजच मिळाला तर पूर्ण १,००,०००. इथे ७,४०७ वाढले. दुसरा हप्ता दोन वर्षांऐवजी एका वर्षाने येतो, त्याची किंमत ८५,७३४ वरून ९२,५९३ होते, म्हणजे ६,८५९ ची वाढ. तिसऱ्यामुळे ६,३५१, चौथ्यामुळे ५,८८० आणि पाचव्यामुळे ५,४४५ वाढतात. पाचांची बेरीज करा: ३१,९४२. हाच तुमचा हरवलेला फरक.

तुमचे आठ हजार मात्र या यादीत कुठेच दिसत नाहीत, ते का? आठ हजार हे वर्षाच्या शेवटी मिळणारं व्याज आहे, आणि आपण सगळं आजच्या किमतीत मोजतो आहोत. वर्षभराने मिळणारे आठ हजार आज ७,४०७ चे होतात. तेव्हा पहिल्या हप्त्यापुरतं तुम्ही जवळपास बरोबर होतात. उरलेले चार मोजायचे राहिले.

अर्थात, ‘एकच हप्ता हलला’ असं तुम्हाला का वाटलं तेही दिसतं. दोन्ही ओळींमध्ये १, २, ३ आणि ४ वर्षांच्या तारखा सारख्याच आहेत. त्या चार जोड्या खोडल्या की वरच्या ओळीत उरतो फक्त पाचव्या वर्षाचा हप्ता आणि खालच्या ओळीत फक्त आजचा. तेव्हा एकच हप्ता हलला असं म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तो पहिला हप्ता नव्हे, आणि तो एक वर्ष हललेला नाही. तो पाचव्या वर्षाच्या टोकावरून उचलून थेट आजच्या दिवशी आणून ठेवलेला हप्ता आहे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या लाखाची ८ टक्क्यांनी आजची किंमत ६८,०५८. आज हातात आलेला लाख म्हणजे लाखच. वजाबाकी करा, पुन्हा ३१,९४२. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो, आणि मला ही दुसरी वाट जास्त आवडते, कारण तिच्यात वजाबाकी एकदाच करावी लागते.

हा फरक ३,९९,२७१ च्या बरोबर ८ टक्के आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो योगायोग नाही, आणि का नाही हे सूत्रापेक्षा खात्याच्या गोष्टीतून चटकन कळतं. समजा आज तुम्ही ३,९९,२७१ एका खात्यात टाकले आणि त्यावर ८ टक्के व्याज मिळतं. वर्षाअखेरीला खात्यात होतात ४,३१,२१३. त्यातून एक लाख काढला, उरले ३,३१,२१३. पुढच्या वर्षी ते ३,५७,७१० होतात, लाख काढून २,५७,७१०. तिसऱ्या वर्षाअखेरीला २,७८,३२६, लाख काढून १,७८,३२६. चौथ्या वर्षाअखेरीला १,९२,५९३, लाख काढून ९२,५९३. पाचव्या वर्षाअखेरीला त्याचे एक लाख होतात, ते काढले की खातं रिकामं. ‘आजची किंमत ३,९९,२७१’ म्हणजे एवढंच: या रकमेतून ते पाच हप्ते बरोबर निघतात, वर काही उरत नाही आणि काही कमीही पडत नाही.

आता पहिला हप्ता काढण्याआधीच्या क्षणापाशी परत या. खात्यात ४,३१,२१३ आहेत. त्या क्षणी उभ्या असलेल्या माणसाला एक लाख लगेच मिळणार आहे आणि मग १, २, ३, ४ वर्षांनी एकेक. हीच तर मैत्रिणीची मांडणी! म्हणजे सुरुवातीच्या हप्त्यांची मालिका ही वेगळी काही वस्तू नाही. शेवटच्या हप्त्यांच्याच मालिकेकडे एक वर्ष पुढे जाऊन पाहिलं की ती दिसते, आणि त्या एका वर्षात संपूर्ण रकमेवर ८ टक्के व्याज चढलेलं असतं. म्हणून एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायला १.०८ ने गुणायचं. हप्ते पाच असोत वा पन्नास, गुणक तोच राहतो.

नावांबद्दल सांगून ठेवते, कारण भल्याभल्यांची गफलत तिथेच होते. मुदतीच्या शेवटी हप्ता असेल तर ती ऑर्डिनरी अ‍ॅन्युइटी, सुरुवातीला असेल तर अ‍ॅन्युइटी ड्यू. ‘ड्यू’ म्हटलं की मागची थकबाकी डोळ्यांसमोर येते, प्रत्यक्षात तो आगाऊ हप्ता असतो. त्यावर कडी म्हणजे विमागणिताच्या पुस्तकांत ऑर्डिनरी अ‍ॅन्युइटीलाच ‘अ‍ॅन्युइटी इमिजिएट’ म्हणतात, आणि तीत पैसे मुळीच ताबडतोब मिळत नाहीत, पहिल्या मुदतीच्या अखेरीला मिळतात! तेव्हा बोलताना या नावांच्या भरवशावर राहू नका. तारीख विचारा.

आता निवडीकडे येऊ. वर्षाअखेरीचे हप्ते असतील तर तुमच्या दराने ते ३,९९,२७१ चे, रोख चार लाखांपेक्षा ७२९ ने कमी. हा फरक इतका नगण्य आहे की पैशाच्या हिशेबात दोन्ही पर्याय सारखेच म्हणावेत, आणि सारखे असतील तेव्हा मी डोळे झाकून रोख घेईन. पाच वर्षांत भागीदाराचा धंदा कसा चालेल हे कुणी सांगितलंय? सुरुवातीचे हप्ते असतील तर मात्र ते ४,३१,२१३ चे, म्हणजे रोख रकमेपेक्षा ३१,२१३ ने जास्त, आणि मग हप्त्यांचा गंभीरपणे विचार करायला हवा. शिवाय तेव्हा पहिला लाख आजच खिशात असतो, जोखीम चारच हप्त्यांची राहते आणि सगळा व्यवहार आजपासून चौथ्या वर्षी संपतो. ‘पाच वर्षे’ असं लिहिलेलं असलं तरी शेवटचा लाख पाचवं वर्ष सुरू होतानाच मिळून जातो.

पण तुमच्या ८ टक्क्यांवर एवढा विश्वास टाकण्याआधी तोच प्रश्न उलटा विचारून पाहा. कोणत्या दराने हप्ते आणि रोख चार लाख तंतोतंत सारखे होतात? वर्षाअखेरीच्या हप्त्यांसाठी तो दर येतो सुमारे ७.९ टक्के. सुरुवातीच्या हप्त्यांसाठी तो येतो सुमारे १२.६ टक्के. हप्ते तेच, रक्कम तीच, आणि दरात एवढी तफावत! पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथे सूत्रच चुकलं असं वाटतं. पण जरा विचार करा. चार लाख न घेता तुम्ही हप्ते घेता, म्हणजे एका अर्थी भागीदाराला पैसे उसने देता. पहिला लाख आजच परत मिळाला, तर उसने दिलेले चार लाख नव्हेत, तीनच लाख. त्या तीन लाखांच्या बदल्यात पुढच्या चार वर्षांत चार लाख परत येतात. वर मिळणारा लाखभर तोच, पण अडकलेली रक्कम कमी आणि तीही कमी काळ अडकलेली. म्हणून दर चढतो.

या दोन दरांवरून तुम्हाला तुमची जागा कळते. तुम्हाला खात्रीने मिळणारा दर ७.९ पेक्षा कमी असेल, तर हप्ते कधीही मिळोत, गणित हप्त्यांच्या बाजूने आहे. तो १२.६ च्या वर असेल, म्हणजे समजा तुमच्या डोक्यावर १४ टक्क्यांचं कर्ज आहे आणि हातात आलेल्या पैशातून ते फेडता येईल, तर तारीख कुठलीही असो, रोख घ्या. मधल्या पट्ट्यात मात्र निकाल फक्त पहिल्या हप्त्याच्या तारखेवर लागतो, आणि तुमचे ८ टक्के नेमके त्याच पट्ट्यात आहेत, तेही त्याच्या खालच्या काठाशी. एक सावधगिरी: हा दर निवडताना भागीदाराच्या भरवशाचाही विचार करा. त्याच्याकडून येणारे पैसे एखाद्या सुरक्षित ठेवीइतके पक्के नसतील तर ८ ऐवजी १० टक्के धरून पाहा. तेव्हा वर्षाअखेरीचे हप्ते ३,७९,०७९ चे ठरतात आणि सुरुवातीचे ४,१६,९८७ चे. पहिला पर्याय पार मागे पडतो, दुसरा अजूनही रोख रकमेच्या पुढे असतो.

हे सगळं तुम्ही स्वतः पडताळू शकता. स्प्रेडशीटमधल्या तीन ओळी देते:

```
=PV(8%,5,-100000,0,0)
=PV(8%,5,-100000,0,1)
=RATE(5,-100000,400000,0,1)
```

पहिली तुमचं उत्तर देते, दुसरी मैत्रिणीचं, तिसरी १२.६ टक्क्यांचा दर. शेवटचा आकडा 0 असेल तर हप्ता मुदतीच्या शेवटी, 1 असेल तर सुरुवातीला. तो लिहिलाच नाही तर सूत्र मुकाट्याने 0 धरतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असणार. याहून फसवी चूक म्हणजे मधला 0 गाळून 1 चौथ्या जागी टाकणं. ती जागा तारखेची नाही, सगळ्यांत शेवटी उरणाऱ्या रकमेची आहे. सूत्र तक्रार करत नाही, उत्तर येतं ३,९९,२७०. म्हणजे ३,९९,२७१ च्या ऐवजी जेमतेम एकाच्या आतबाहेरचा फरक. 1 टाकूनही उत्तर असं जागचं हललं नाही, तर तो चुकीच्या जागी पडला असं समजा. बरोबर जागी पडला असता तर उत्तर पूर्ण ८ टक्क्यांनी वाढलं असतं.

`NPV` वापरत असाल तर तिथे असा पर्यायच नसतो. ते सूत्र पहिली रक्कम नेहमी एक मुदत पुढे धरतं. म्हणून आजचा लाख बाहेर ठेवून उरलेले चारच आत द्यायचे:

```
=100000+NPV(8%,100000,100000,100000,100000)
```

हातातल्या वित्तीय कॅल्क्युलेटरवर हाच पर्याय `BGN` आणि `END` अशा नावांनी असतो. तिथला धोका वेगळा. एकदा `BGN` लावलं की ते पुढच्या गणितालाही तसंच राहतं. मी स्वतः एकदा दुपारभर कर्जाचे हप्ते काढत बसले होते आणि प्रत्येक उत्तर तक्त्यापेक्षा किंचित कमी येत होतं. दोष दराचा असेल म्हणून तासभर दर तपासला. पडद्याच्या कोपऱ्यात ती तीन बारीक अक्षरं सकाळपासून बसून होती.

भागीदार कदाचित म्हणेल, वर्षाला लाख जड जातो, महिन्याला देतो. तेव्हा १.०८ चा गुणक घेऊन बसू नका. सुरुवात आणि शेवट यांतलं अंतर आता वर्षाचं नाही, महिन्याचं आहे. वर्षाला ८ टक्के पडायला महिन्याला सुमारे ०.६४ टक्के लागतात, आणि गुणक तेवढाच. लाखाचे बारा भाग करून ६० महिने मिळाले, तर महिनाअखेरीच्या हप्त्यांची आजची किंमत साधारण ४,१३,७०० होते आणि महिन्याच्या सुरुवातीच्या हप्त्यांची साधारण ४,१६,४००. फरक पावणेतीन हजारांच्या आत. त्यासाठी भांडण करण्यात मला अर्थ दिसत नाही. पण एक गंमत पाहा, महिनाअखेरीचे हप्तेसुद्धा रोख चार लाखांच्या पुढे गेले. वर्षभराचा लाख तुकड्या-तुकड्याने वर्षाअखेरीच्या आधीच पोचत असल्यामुळे त्यांची किंमत तुमच्या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी पडते.

हा महिन्यांचा प्रस्ताव येईल तेव्हा येईल. आत्ता भागीदाराला एकच वाक्य लिहून मागा: ‘पहिला एक लाखाचा हप्ता करारावर सही होईल त्या दिवशी, आणि पुढचे चार हप्ते त्यानंतर दरवर्षी त्याच तारखेला.’ ‘दरवर्षी’, ‘वार्षिक’, ‘पाच वर्षे’ असले शब्द एकटे सोडू नका. प्रत्येक हप्त्यापुढे तारीख असलेली पाच ओळींची यादी कराराला जोडली तर उत्तमच. तो म्हणाला की आज द्यायला लाख नाही, हप्ते वर्षाअखेरीलाच देईन, तर त्याचीही किंमत सांगता येते. प्रत्येक हप्ता वर्षभर मागे ढकलायचा असेल तर पाचही हप्ते १,०८,००० चे हवेत. त्याला तोंडी आठ हजार कबूल असतील आणि तेही फक्त पहिल्याच हप्त्यावर, तर त्याच्या हिशेबात तुमचीच जुनी चूक आहे, आणि ती दाखवायला आता तुमच्याकडे दोन ओळींचा कागद आहे.